हृदयरेषा संपते कुठे? हात बघायला शिकणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

हात बघायला येतो असं कळलं की समोरचा माणूस प्रेमाचं नाहीतर लग्नाचंच विचारतो. त्यामुळे नवशिका सगळ्यात आधी हृदयरेषेला हात घालतो आणि तिथेच फसतो. पुस्तकं उघडली तर एकात या रेषेचा उगम जिथे दिलेला असतो, तिथेच दुसऱ्यात तिचा शेवट असतो. जत्रेतला ज्योतिषी तिसरंच काहीतरी सांगून मोकळा होतो. मी शिकायला लागलो तेव्हा हा क्रम कोणी नीट लावून दिला असता तर पुष्कळ डोकेफोड वाचली असती. म्हणून तो इथे देतोय.

एक गोष्ट आधीच बोलून ठेवतो. हातावरच्या रेषांवरून स्वभाव किंवा भविष्य कळतं, असं कुठल्याही शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेलं नाही. इथे जे ‘असं मानतात’ म्हणून येईल ती परंपरेतली मतं आहेत, ती तशीच वाचावीत. पण ती मतं लावायची असतील तर निदान रेषा तरी खरी बघितलेली असावी, एवढाच माझा आग्रह आहे. हृदयरेषेबद्दल जे काही सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं तर्जनी आणि मधल्या बोटाखालच्या बोटभर जागेवर ठरतं. ती जागा कशी बघायची, हाच या लेखाचा मुख्य भाग आहे.

लागणारं सामान

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. टपाल तिकिटं जमवणारे वापरतात ते चालतं.
- पाण्याने धुतली जाणारी काळी छपाईची शाई आणि छोटा रबरी रूळ. पणजी-मडगावात कलासाहित्याच्या दुकानात मिळतात. नाहीच मिळाले तर गडद लिपस्टिकवर काम भागतं.
- काचेचा तुकडा किंवा जुनी गुळगुळीत फरशी, शाई पसरायला.
- साधे पांढरे कागद, घडी घातलेला टॉवेल, पट्टी आणि टोकदार पेन्सिल.
- ज्याचा हात बघायचा त्याची तोंडी परवानगी. ठसा तुमच्याकडे राहणार आहे, हे त्याला माहीत असायला हवं.

१. कोणता हात, आणि कधी

आपल्याकडची जुनी रीत पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा हात बघायची. कीरो नावाचा हात बघणारा प्रसिद्ध आयरिश माणूस आणि त्याच्या वाटेने जाणारे दोन्ही हात बघतात. त्यांच्या मते डावा हात जन्मजात ठेवण दाखवतो आणि उजवा माणसाने स्वतःचं काय केलं ते दाखवतो. अलीकडचे बरेचजण ज्या हाताने माणूस लिहितो तो मुख्य धरतात. कोणतीही रीत धरा, पण हात उघडण्याआधी धरा. डाव्या हातावर मनासारखं मिळालं नाही म्हणून उजव्याकडे वळणं ही फसवणूक आहे, आणि ती आधी स्वतःचीच होते. मी दोन्ही हातांचे ठसे घेतो आणि लिहिणारा हात मुख्य धरतो.

वेळेचं म्हणाल तर गोव्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पावसाळ्यात हात ओलसर, कागद मऊ पडलेला आणि शाई लवकर सुकत नाही. अशा वेळी हात साबणाने धुवून, पुसून, थोडा वेळ पंख्याखाली धरायला सांगा. दुसरी गोष्ट काजूची. घरी बिया भाजून फोडणाऱ्यांच्या हाताला टरफलातलं तेल लागतं, तळहात काळे पडतात आणि पुढे कातडीचे पापुद्रे निघतात. अशा हातावर मुख्य रेषा शाबूत असतात, पण बारीक फाटे म्हणून जे दिसतं ते पुष्कळदा सोलवटलेल्या कातडीच्या कडा असतात. हंगाम संपून हात पूर्ववत होईपर्यंत फाट्यांबद्दल बोलूच नका.

२. ठसा घ्या, नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका

समोरासमोर हात धरून बघताना बोटं थोडीतरी वाकलेली असतात. बोटं वाकली की हृदयरेषा आहे त्यापेक्षा जास्त वळलेली दिसते. मोबाइलचा फोटो तिरका आला तरी तेच होतं, आणि समोरून फ्लॅश मारला तर बारीक रेषा पुसल्यासारख्या होतात. फोटोच काढायचा असेल तर सकाळी खिडकीजवळ काढा, उजेड बाजूने येऊ द्या आणि कॅमेरा तळहाताच्या बरोबर वर धरा.

ठशासाठी काचेवर वाटाण्याएवढी शाई घेऊन रुळाने पातळ पसरा. रूळ सगळीकडे सारखा काळा झाला की तळहातावर हलकेच फिरवा. शाई जास्त झाली तर ती रेषांच्या खळग्यात भरते आणि ठशात रेषाच उमटत नाही. कागद टॉवेलवर ठेवा, हात सैल सोडून टेकवायला सांगा आणि बोटांच्या मुळांवर वरून थोडा दाब द्या. तळहाताचा मधला खोलगट भाग पहिल्या खेपेला कोरा राहतोच. तिथे टॉवेलखाली आणखी एक घडी सारून पुन्हा ठसा घ्या. बोटांच्या मुळाशी कातडीवरच्या बारीक वळ्या स्पष्ट मोजता येण्यासारख्या उमटल्या असतील तरच ठसा कामाचा. तिथे नुसता काळा डाग असेल तर तो टाकून द्या.

३. आधी रेषा तीच आहे ना, ते बघा

करंगळी, अनामिका आणि मधलं बोट ही तीन बोटं मुळाशी वाकवा, तर्जनी सैल ठेवा. तळहातावर जी वरची आडवी घडी पडते ती हृदयरेषा. जुन्या मराठी पुस्तकांत तिलाच अंतःकरणरेषा म्हटलेलं सापडेल. ही घडी गर्भातच, पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत तयार होते. तर्जनी इतर तीन बोटांपेक्षा वेगळी हलते, म्हणून रेषेचं टोक तर्जनीच्या आसपास पोचताना विरतं, फुटतं किंवा वळतं. फाटे तिथेच का दिसतात, याचं शरीररचनेतलं उत्तर बहुतेक हेच.

काही हातांवर वरच्या दोन आडव्या रेषांऐवजी एकच सरळ रेषा या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते. ‘हृदयरेषा नाही’ असं म्हणून मोकळे होऊ नका. हृदयरेषा आणि तिच्याखालची मस्तकरेषा तिथे एकत्र आलेल्या असतात, आणि खालचे टोक-फाट्यांचे नियम अशा हाताला लागू पडत नाहीत. नवजात बाळ तपासताना डॉक्टर या खुणेची नोंद घेतात, पण इतर लक्षणांबरोबर. नुसती ती रेषा कितीतरी धडधाकट माणसांच्या हातावर असते. तेव्हा कुणाच्या लेकराचा हात बघून घरच्यांना घाबरवू नका.

४. रेषा कुठून कुठे जाते, ते एकदाच ठरवा

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. कीरोच्या मते हृदयरेषा तर्जनी-मधल्या बोटाच्या बाजूने निघते आणि करंगळीखालच्या कडेला संपते. आज शिकवणारे बरेचजण नेमकं उलटं धरतात. त्यामुळे ‘आरंभी फाटा असेल तर प्रामाणिक प्रेम’ हे कीरोच्या परंपरेतलं वाक्य तुम्ही करंगळीखालच्या फाट्याला लावून बसता. कुठलंही पुस्तक वाचताना लेखक कोणत्या टोकाला आरंभ म्हणतो ते पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. या लेखात आरंभ करंगळीखालच्या कडेला आणि टोक तर्जनीच्या बाजूला धरलं आहे.

हा कीरो म्हणजे १८६६ साली जन्मलेला आयरिश माणूस. ही विद्या आपण कोकणातल्या एका जोशी घराण्यात शिकलो, असं तो सांगत असे. त्यात खरं किती आणि लंडनच्या गिऱ्हाइकांसाठी केलेली सजावट किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण तो कोकणात शिकला म्हणून त्याचं मत हेच आपलं जुनं शास्त्र, असं मात्र नाही. आपल्या सामुद्रिकात करंगळीखालून निघणारी ही रेषा आयुष्यासाठी वाचली जाते. ती तर्जनीपर्यंत पोचली तर शंभर वर्षांचं आयुष्य, असं बृहत्संहितेत म्हटलं आहे. एखादे वयस्क भटजी तुमच्या हृदयरेषेकडे बघून आयुर्मान सांगू लागले तर ते चुकलेले नसतात, दुसऱ्या परंपरेतून बोलत असतात. दोन्हींची खिचडी करू नका.

दिशेवरच एकमत नसेल तर या रेषेवरून ‘अठ्ठाविसाव्या वर्षी प्रेमभंग’ असला काळ कसा काढणार? तो नाद सोडलेलाच बरा.

५. टोक: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

बोटांच्या मुळाशी जे उंचवटे असतात त्यांना ग्रहांची नावं आहेत. तर्जनीखाली गुरू, मधल्या बोटाखाली शनी, अनामिकेखाली रवी आणि करंगळीखाली बुध. टोक कोणत्या उंचवट्यावर गेलं यावर अर्थ ठरतो. आता गंमत अशी की उंचवटा बोटाच्या बरोबर खाली असतोच असं नाही. तर्जनीखालचा उंचवटा शनीकडे सरकलेला असला तर नुसत्या डोळ्यांना टोक दोघांच्या मध्ये वाटतं, प्रत्यक्षात ते गुरूवर असतं.

यावर उपाय ठशात आहे. तर्जनीच्या मुळाखाली भिंग धरा. कातडीच्या बारीक वळ्या तीन बाजूंनी येऊन एका ठिकाणी मिळतात, अगदी गावच्या तिठ्यावर तीन रस्ते मिळतात तशा. तो बिंदू म्हणजे त्या उंचवट्याचं खरं शिखर. चारही बोटांखाली असा एकेक तिठा असतो. तर्जनीखालच्या आणि मधल्या बोटाखालच्या तिठ्यांवर पेन्सिलीने ठिपका द्या आणि दोन्हींतून मनगटाच्या दिशेने सरळ रेघ ओढा. दोन रेघांच्या मधला पट्टा म्हणजे ‘गुरू आणि शनीच्या मध्ये’. टोक तर्जनीच्या रेघेला भिडलं किंवा पार गेलं तर गुरूवर, मधल्या बोटाच्या रेघेपाशीच थांबलं तर शनीवर.

टोक कुठे धरायचं, हाही प्रश्न उरतोच, कारण रेषा एकदम तुटत नाही, बारीक होत विरते. ठशात खरी रेषा वळ्यांना पूर्ण छेदून जाणारी पांढरी फट म्हणून दिसते. ही फट जिथवर सलग आहे तिथवर रेषा. पुढे केसासारखी रेघ गेली असेल तर तिची वेगळी नोंद करा, तिला टोक म्हणू नका. जत्रेत हात बघणारे हमखास ती केसासारखी रेघ धरून ‘अगदी गुरूपर्यंत गेलीय’ असं सांगतात, कारण ऐकणाऱ्याला बरं वाटतं.

आता मानलेले अर्थ. टोक गुरूवर असेल तर माणूस प्रेमात आदर्श शोधतो, आपल्या माणसाचा अभिमान बाळगतो आणि तो माणूस अपेक्षेला उतरला नाही की फार दुखावतो. टोक दोघांच्या मध्ये असेल तर प्रेम शांत आणि खोल असतं, आदर्श आणि ओढ यांचा मेळ बसलेला असतो. परंपरेत ही जागा चांगली मानतात. टोक शनीखालीच थांबलं तर ओढ शरीराची जास्त आणि स्वतःचा विचार आधी, असं कीरोच्या काळचे लोक फटकन लिहून जात. मला हे वाचन फार कठोर वाटतं. आताचे काहीजण त्याला ‘आपल्यापुरतं ठेवणारा’ असं म्हणतात आणि मीही तेवढंच म्हणतो. रेषा थेट पलीकडच्या कडेपर्यंत गेली तर भावनेचा अतिरेक आणि मत्सर सांगतात. टोक खाली वळून मस्तकरेषेला मिळालं तर मन आणि डोकं एकमेकांच्या आड येतं, प्रेमात दुःख होतं, असं मानतात.

६. वळण

ठशावर रेषेच्या आरंभापासून टोकापर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढा आणि हृदयरेषा त्या रेघेपासून मनगटाकडे जास्तीत जास्त किती झुकली आहे ते मोजा. मोठ्या माणसाच्या हातावर ५ मिलिमीटरच्या आत असेल तर मी सरळ म्हणतो, त्याहून जास्त असेल तर वळलेली. हा माझा सोयीचा आकडा आहे, कुठल्या ग्रंथातला नाही. पण आकडा धरला की निदान सगळ्यांना एकच माप लागतं.

वळून वर जाणारी रेषा म्हणजे प्रेम बोलून, वागून दाखवणारा माणूस. सरळ रेषा म्हणजे मनात ठेवणारा, आधी विचार करणारा. एवढाच मुद्दा आहे. सरळ रेषेला ‘थंड’ म्हणायची सवय वाईट.

७. फाटे, आणि फाट्यासारखं दिसणारं

टोकाशी फाटा दिसला की आधी तो फाटाच आहे का ते तपासा. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यातून निघून अनामिकेकडे कमानीसारखी जाणारी एक रेषा काही हातांवर असते, तिला शुक्रमेखला म्हणतात. तिचा आरंभ हृदयरेषेच्या टोकाला टेकला की हुबेहूब फाटा वाटतो. ओळखायचं असं: खरा फाटा मुख्य रेषेच्याच खोलीतून लहान कोनात फुटतो आणि त्याच दिशेने पुढे जातो. शुक्रमेखला वरून येते आणि अनामिकेकडे मागे वळते. ठशात टोकापासून बोटभर मागे या आणि पांढरी फट एकच आहे की शेजारी शेजारी दोन आहेत ते बघा. फट सलग असून पुढे दुभागली तर फाटा.

फाटा खरा ठरला की प्रत्येक शाखा कोणत्या पट्ट्यात जाते ते वरच्याच रेघांवर बघा. गुरूवर छोटा दुहेरी फाटा हे प्रामाणिक, उत्साही प्रेमाचं लक्षण मानतात. एक शाखा गुरूवर आणि दुसरी मधल्या पट्ट्यात असेल तर त्याहून चांगलं, समाधानी स्वभाव आणि प्रेमात सुख. पण फाटा इतका रुंद असेल की एक शाखा गुरूवर आणि दुसरी शनीवर, तर तोच फाटा अस्थिर मनाचा ठरतो. म्हणजे फरक आहे तो दोन-चार मिलिमीटरचा. तिठे न बघता फाट्याचा अर्थ सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही तो यामुळेच.

खाली मस्तकरेषेकडे जाणाऱ्या शाखेवर मतभेद आहेत. काहीजण तिला निराशा म्हणतात, काहीजण प्रेमातही डोकं शाबूत ठेवणारा माणूस म्हणतात. शाखा मस्तकरेषेला प्रत्यक्ष मिळत नसेल तर मी तिच्याबद्दल काहीच बोलत नाही.

८. एक हात, सुरुवातीपासून

माझी एक मामेबहीण सत्तरी तालुक्यात असते. एका जत्रेत कुणा हात बघणाऱ्याने तिचा डावा हात धरून ‘नवऱ्याशी पटायचं नाही, स्वभाव आपमतलबी’ असं सांगितलं होतं. ती उजव्या हाताने लिहिते. मी दोन्ही हातांचे ठसे घेतले.

डाव्या हातावर रेषा मधल्या बोटाच्या रेघेपाशी संपते. फाटा नाही, झुकाव ४ मिलिमीटर. त्या माणसाने हेच बघितलं होतं आणि कीरोकाळचा अर्थ जसाच्या तसा तिच्या पदरात टाकला होता. उजव्या हातावर झुकाव ९ मिलिमीटर, म्हणजे वळलेली रेषा. पांढरी फट मधल्या पट्ट्यात शिरून दुभागते. एक शाखा सरळ बेचक्याकडे जाते, दुसरी तर्जनीच्या रेघेला जेमतेम भिडते. तिसरी, केसासारखी, खाली निघून मस्तकरेषेच्या अलीकडेच विरते, म्हणून ती सोडून दिली. शुक्रमेखला नाही.

माझ्या रीतीने मुख्य हात उजवा. तेव्हा वाचन असं झालं: प्रेम दाखवणारी, आपल्या माणसाकडून अपेक्षा ठेवणारी, पण त्या अपेक्षेला व्यवहाराची जोड असलेली. डावा हात जन्मजात धरला तर मुळात आतल्या आत ठेवणारी, पुढे मोकळी झालेली.

तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दादा, हे तू माझ्या जावेला सांगितलं असतंस तर तिलाही पटलं असतं.”

खरं आहे. म्हणून हल्ली मी वाचन लिहून काढतो आणि त्याच घरातल्या दुसऱ्या कुणाचं वाचनही नाव न घालता शेजारी ठेवतो. कोणतं आपलं ते त्यांना ओळखायला सांगतो. ओळखता आलं नाही, तर मी काही विशेष सांगितलेलंच नव्हतं.

९. तोंडातून जाऊ देऊ नये असं

रेषा तुटलेली दिसली तर जुनी पुस्तकं लगेच कारण देतात: शनीखाली तुटली तर दैव, रवीखाली तुटली तर गर्व, बुधाखाली तुटली तर लहरीपणा. ठशात बघितलं तर बहुतेक वेळा ती तुटलेली नसते, एक टोक दुसऱ्याच्या शेजारून पुढे गेलेलं असतं. खरोखर तुटलेली असली तरी ‘लग्न मोडेल’ हे वाक्य कुणाला ऐकवू नका. घरात सोयरीक चालू असताना असं एखादं वाक्य पत्रिकेच्याही वर जाऊन बसतं.

हृदयविकारही या रेषेवरून सांगू नका. छातीत दुखतंय म्हणून कुणी हात पुढे केला तर त्याला डॉक्टरकडे पाठवा. मुलं होतील की नाही, हे आरंभाच्या बारीक रेघांवरून सांगणारी पुस्तकं आहेत. ती पानं मी वाचून सोडून दिली आहेत.

ठशाच्या मागे तारीख, डावा की उजवा आणि माणूस कोणत्या हाताने लिहितो एवढंच लिहा, पूर्ण नाव नको. कागद वहीत लगेच घालू नका, आपल्या हवेत शाई समोरच्या पानाला चिकटते. दोन दिवस पंख्याखाली पसरून ठेवा, मग प्लास्टिकच्या फाइलमध्ये. काही वर्षांनी त्याच माणसाचा नवा ठसा घेऊन बारीक फाट्यांची तुलना करायची असेल तर हाच कागद लागणार आहे.